अक्काचे सहा हजार समभाग: कंपनीच्या शेअरची किंमत कशी काढतात?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव ठरवायला कुणाला सूत्र लागत नाही. कांडी हातात घेतात, मोडून आतला रंग बघतात, वास घेतात आणि सौदा बोलतात. पण त्याच हळदीवर चालणाऱ्या घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतला एक शेअर विकायची वेळ आली की सगळे गप्प होतात. त्याचा सौदा कुठे निघत नाही आणि मुंबईच्या शेअर बाजारात त्याचा भाव लागत नाही. मग जो तो आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो, आणि भावाबहिणींचं बोलणं बंद व्हायला तेवढं कारण पुरतं.

हा लेख त्या आकड्यांबद्दल आहे. समजावण्यासाठी मी एक कंपनी कल्पनेत उभी केली आहे आणि तिचे आकडे हिशोबाला सोपे पडतील असे जुळवले आहेत. मात्र त्यातला प्रत्येक गुंता अशा घरांमध्ये खरोखर सापडतो.

कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरीचा कारखाना आहे. यार्डातून कांडी घ्यायची, पॉलिश करायची, दळायची आणि मुंबई-पुण्याच्या मसालेवाल्यांना पोत्यांनी पाठवायची, असा धंदा. कंपनीचे ४०,००० समभाग आहेत आणि प्रत्येकाची दर्शनी किंमत १०० रुपये आहे. कारखाना आप्पा बघतात. त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, वडिलांच्या वाटणीतून आलेले ६,००० समभाग आहेत, म्हणजे १५ टक्के. अक्का पुण्यात राहतात आणि आता त्यांना ते विकायचे आहेत. आप्पा म्हणतात, "अक्का, एका शेअरला सव्वाशे रुपये देतो." अक्कांच्या मुलाने ताळेबंद चाळून सांगितलं, "मामा, वहीप्रमाणेच एकशे नव्वद होतात." आणि कॉमर्स शिकलेल्या सूनबाईंनी हिशोब केला तो २९५ वर गेला.

गंमत नाही, तिघांचंही गणित बरोबर आहे. सव्वाशेने अक्कांना साडेसात लाख मिळतात आणि २९५ ने १७ लाख ७० हजार. एवढी तफावत कुठून येते ते एकेक करून पाहू.

वहीतली किंमत आणि खरी किंमत

आधी भाच्याचा आकडा. ३१ मार्च २०२४ च्या ताळेबंदात भांडवल ४० लाख, सर्वसाधारण राखीव निधी २२ लाख आणि नफ्यातोट्याची शिल्लक १४ लाख आहे. बेरीज ७६ लाख. तिला ४०,००० ने भागलं की १९० रुपये. हे झालं पुस्तकी मूल्य. त्यातून एवढंच कळतं की मालकांनी घातलेला आणि धंद्यात मागे राहिलेला पैसा वहीत किती दिसतो. आज ती मालमत्ता विकायला काढली तर काय येईल, हे वही सांगत नाही.

निव्वळ मालमत्ता पद्धतीत हेच काम खऱ्या किमतींनी करतात. प्रत्येक मालमत्ता आजच्या किमतीला लावायची, वहीत नसलेली देणीसुद्धा शोधून काढायची, मालमत्तेतून देणी वजा करायची आणि उरलेली रक्कम समभागांच्या संख्येने भागायची. आपल्या कंपनीचं चित्र असं आहे, आकडे लाख रुपयांत:

| मालमत्ता | वहीत | आजची किंमत |
|---|---|---|
| जागा व इमारत | ३० | ५० |
| यंत्रसामग्री | २४ | २० |
| हळदीचा साठा | २८ | २८ |
| येणी | १६ | १४ |
| सरकारी रोखे | ८ | ८ |
| बँकेतील शिल्लक | ६ | ६ |
| जुनी ख्याती | २ | ० |

जागेचा आकडा नीट पाहायला हवा. एमआयडीसीचा भूखंड बहुतेक वेळा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. शेजारच्या खासगी प्लॉटचा दर लावून मोकळं झालं तर किंमत फुगते, कारण आपल्या हाती मालकी नसते, पट्ट्याची उरलेली वर्षं असतात, आणि हस्तांतर करताना महामंडळाला शुल्कही द्यावं लागतं. इथले ५० लाख हे सगळं धरून काढलेले आहेत. येण्यांमधले दोन लाख एका व्यापाऱ्याकडे अडकलेत आणि ते येण्याची आशा कुणालाच नाही. वहीतली दोन लाखांची जुनी ख्याती, म्हणजे बोलीभाषेतलं गुडविल, पूर्वी एक छोटा ब्रँड विकत घेतला तेव्हाची आहे. ती पुसून टाकायची, कारण आजची ख्याती आपण थोड्या वेळात नव्याने काढणार आहोत. जुनी तशीच ठेवून नवी मिळवली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

देणी बघू. मुदत कर्ज १८ लाख, पुरवठादारांचं देणं १६ लाख, कराची तरतूद ४ लाख. हे वहीत आहे. वहीत नाही ती कामगारांची साचलेली ग्रॅच्युइटी, अंदाजे २ लाख. छोट्या कंपन्यांमध्ये ही रक्कम माणूस निवृत्त होईपर्यंत कुणाच्या डोक्यात नसते. जुने कामगार किती आहेत हे विचारलं की ती सापडते. एकूण देणी ४० लाख.

आजच्या किमतीने मालमत्ता १२६ लाख, त्यातून ४० वजा केले की ८६ लाख उरतात. समभागामागे २१५ रुपये. पण यात अजून ख्याती धरलेली नाही, आणि चालत्या धंद्याची खरी गोम तिथेच असते.

जादा नफा कशाला म्हणायचं?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव जिल्ह्याच्या हळदीचं आहे, एका कंपनीचं नाही. त्यामुळे त्याचा फायदा आप्पांना होतो तसा शेजारच्या कारखान्यालाही होतो. ख्याती मोजताना आपण शोधतो ते वेगळं. याच भांडवलावर, याच धंद्यात, दुसरा कुणीही साधारणपणे जेवढं कमावेल त्यापेक्षा ही कंपनी किती जास्त कमावते? त्या जास्तीला अधिनफा म्हणतात, इंग्रजी पुस्तकांतलं सुपर प्रॉफिट. तो अधिनफा जितकी वर्षं टिकेल असं वाटतं, तितक्या पटींना ख्याती म्हणायचं.

त्यासाठी तीन आकडे लागतात: टिकाऊ नफा, गुंतलेलं भांडवल आणि साधारण परताव्याचा दर.

सगळ्यात जास्त मेहनत नफ्यावर जाते. करपूर्व नफा वहीप्रमाणे २०२१-२२ मध्ये १८ लाख, २०२२-२३ मध्ये २४ लाख ६० हजार आणि २०२३-२४ मध्ये २४ लाख. वरवर पाहता मधलं वर्ष सर्वात चांगलं दिसतं. पण त्या वर्षी एक जुनं गोदाम विकून झालेला ३ लाखांचा नफा त्यात मिसळला आहे. गोदाम पुन्हा पुन्हा विकता येत नाही, म्हणून तो बाहेर काढायचा. उरले २१ लाख ६० हजार. आता आकडे १८, २१.६ आणि २४ असे चढते दिसतात.

चढता कल असला की पुस्तकं सांगतात, अलीकडच्या वर्षाला जास्त वजन द्या, म्हणजे १, २, ३ असे भार घ्या. मी इथे तसं करणार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यापासून हळदीचे भाव जोरात चढले, आणि ज्याच्याकडे आधीचा साठा होता त्याला त्या वर्षी आपोआप नफा झाला. भावाच्या लाटेने आलेला नफा आणि धंदा वाढल्याने आलेला नफा यांत फरक करायचा तर विक्रीचे रुपये न बघता पोती मोजावीत. पोती तेवढीच असतील आणि फक्त रुपये वाढले असतील तर तो कल नव्हे. म्हणून साधी सरासरी घेऊ: २१ लाख २० हजार. याच न्यायाने, २०१९ सारखं पुराचं वर्ष मध्ये आलं असतं तर ते वगळायचं की ठेवायचं हा प्रश्न पडला असता. सांगलीत पुराला शंभर वर्षांतून एकदा येणारी गोष्ट मानून वगळणं मला पटत नाही. पूररेषेजवळच्या गोदामाला तो धंद्याचाच खर्च आहे, आणि मी तो काही वर्षांत वाटून धरीन.

आता आप्पांचा पगार. ते वर्षाला ३ लाख घेतात. तेच काम करायला बाहेरचा अनुभवी मॅनेजर ठेवला तर ६ लाख लागतील. म्हणजे वहीतल्या नफ्यात आप्पांचे ३ लाखांचे न घेतलेले कष्ट मिसळलेले आहेत. ते वजा करायलाच हवेत. अक्कांना हे लागेल, मला कळतं. खर्च झालेलाच नाही तो का धरायचा? पण शेअर घेणारा माणूस भांडवलाचं उत्पन्न विकत घेत असतो, आप्पांची पहाटे पाचची यार्डातली फेरी नव्हे. उद्या आप्पा थांबले तर हे तीन लाख लगेच खर्चाला पडतील. घरच्या कंपन्यांत हीच दुरुस्ती सर्वाधिक वेळा विसरली जाते. ती उलट्या दिशेनेही लागते: संचालकाने कामापेक्षा बराच जास्त पगार उचलला असेल तर तो फरक नफ्यात परत मिळवायचा.

रोख्यांचं व्याजही काढू, वर्षाला ६० हजार. हळदीच्या धंद्याशी त्या रोख्यांचा संबंध नाही. २१.२ मधून ३ आणि ०.६ गेले की १७ लाख ६० हजार. यावर कर. सवलतीच्या पर्यायात कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के पडतो, आपण सोयीसाठी २५ धरू. करोत्तर टिकाऊ नफा १३ लाख २० हजार.

पुढे भांडवल. ८६ लाखांतून ८ लाखांचे रोखे काढले की धंद्यात गुंतलेले ७८ लाख राहतात. व्याज बाहेर काढलं म्हणून रोखेही बाहेर काढले, हे लक्षात ठेवायला हवं. व्याज वगळलं आणि रोखे भांडवलात तसेच राहिले तर काय होतं पहा: भांडवल ८६ लाख, त्यावरचा साधारण नफा वाढतो, अधिनफा २ लाख ८८ हजारांवर येतो आणि ख्याती जवळजवळ तीन लाखांनी कमी निघते. एका ओळीची चूक, पण समभागामागे ७ रुपये २० पैसे जातात. कर्जाचंही तसंच. आपण कर्ज देण्यांत धरून वजा केलं, म्हणून नफाही व्याज भागवल्यानंतरचा घेतला. कर्ज भांडवलात ठेवायचं असेल तर व्याज नफ्यात परत मिळवावं लागतं. भांडवल एका नजरेने आणि नफा दुसऱ्या नजरेने पाहिला की उत्तर दिसायला व्यवस्थित येतं आणि असतं चुकीचं.

साधारण परताव्याचा दर १२ टक्के धरला. अशा जोखमीच्या धंद्यात पैसा घालणाऱ्याला किमान एवढं मिळालं पाहिजे, असा तो अंदाज. ७८ लाखांवर १२ टक्के म्हणजे ९ लाख ३६ हजार. प्रत्यक्ष १३ लाख २० हजार मिळतात. अधिनफा ३ लाख ८४ हजार. तो तीन वर्षं टिकेल असं धरलं तर ख्याती ११ लाख ५२ हजार.

ती ८६ लाखांत मिळवली की ९७ लाख ५२ हजार, आणि समभागामागे २४३ रुपये ८० पैसे. निव्वळ मालमत्ता पद्धतीचं हे पूर्ण उत्तर.

उत्पन्नावरून किंमत

आता सूनबाईंचा हिशोब. उत्पन्न पद्धतीत कारखान्यात काय काय आहे हे कुणी मोजत नाही. हा समभाग वर्षाला किती कमावतो आणि तेवढी कमाई हवी असेल तर बाजारात किती पैसे गुंतवावे लागतील, एवढंच विचारतात. कूळ किती खंड देतं त्यावरून शेताची किंमत धरावी, तसं.

१३ लाख २० हजारांचा नफा ४० लाखांच्या भरणा भांडवलावर ३३ टक्के पडतो. बाजाराची अपेक्षा १२ टक्क्यांची आहे. ३३ ला १२ ने भागायचं आणि भरणा किंमत १०० ने गुणायचं: २७५ रुपये. नफ्यातून रोख्यांचं व्याज आपण काढलं होतं, म्हणून रोख्यांची किंमत वेगळी मिळवायची. ८ लाख भागिले ४०,००० म्हणजे २० रुपये. एकूण २९५. कंपनीत प्राधान्य समभाग असते तर त्यांचा लाभांश नफ्यातून आधी वजा करावा लागला असता, इथे ते नाहीत.

आणि आप्पांचे सव्वाशे? तीही उत्पन्न पद्धतच, फक्त नफ्याच्या जागी लाभांश घेतलेला. कंपनी दरवर्षी १५ टक्के लाभांश देते. १५ भागिले १२, गुणिले १०० बरोबर १२५. याला पुस्तकाचा आधार आहे. ज्याच्याकडे थोडे समभाग आहेत त्याचा धोरणावर ताबा नसतो, त्याच्या हातात लाभांशच येतो, म्हणून त्याला लाभांशाने मोजावं; ज्याच्याकडे बहुमत आहे त्याला नफ्याने.

या ठिकाणी मला आप्पांच्या विरुद्ध बाजू घ्यावी लागते. लाभांश किती द्यायचा हे आप्पाच ठरवतात. नफा १३ लाखांच्या घरात असताना ६ लाख वाटले आणि बाकीचे धंद्यात ठेवले. राहिलेल्या पैशात १५ टक्के अक्कांचेही आहेत. स्वतःच कमी वाटायचं आणि मग कमी वाटलं म्हणून शेअर स्वस्तात मागायचा, हे न्यायाचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये महादेव जालान खटल्यात भाव नोंदवला न जाणाऱ्या समभागांचा विचार केला, तेव्हा लाभांश हे सर्वसाधारण माप मानूनही एक अपवाद सांगितला: लाभांश नफ्याच्या प्रमाणात नसेल तर नफ्याकडे पाहायचं. चालत्या कंपनीत उत्पन्नाला महत्त्व द्यावं आणि मालमत्ता मोडून येणारी किंमत मुख्यतः कंपनी गुंडाळण्याच्या बेतात असेल तेव्हा घ्यावी, ही दिशाही त्याच निकालातून आणि पुढे १९८० च्या कुसुमबेन महादेविया खटल्यातून पक्की झाली. शिवाय घेणारे आप्पा स्वतः आहेत. त्यांच्या हातात हे समभाग गेल्यावर ते ताबा नसलेले राहत नाहीत. तेव्हा १२५ बाजूला ठेवू.

दोन आकड्यांमधलं अंतर

आता समोर २४३.८० आणि २९५ आहेत. फरक ५१ रुपये २० पैशांचा. पुस्तकांत सहसा एवढंच लिहिलेलं असतं की एक पद्धत मालमत्ता बघते आणि दुसरी उत्पन्न, म्हणून उत्तरं वेगळी येतात. वाचणाऱ्याला वाटतं, दोन वेगळी जगं आहेत. तसं नाही, आणि या सगळ्या विषयातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

५१ रुपये २० पैशांना ४०,००० ने गुणा. २० लाख ४८ हजार येतात. हा आकडा बाजूला ठेवा आणि वेगळाच प्रश्न विचारा: ३ लाख ८४ हजारांचा अधिनफा तीन वर्षं न टिकता कायमचा मिळत राहिला तर ख्याती किती होईल? बारा टक्क्यांनी भांडवलीकरण केलं, म्हणजे ३.८४ ला ०.१२ ने भागलं, की ३२ लाख. आपण धरली होती ११ लाख ५२ हजार. फरक? बरोबर २० लाख ४८ हजार.

म्हणजे दोन्ही पद्धतींत कारखाना तोच, जागा तीच, नफा तोच. वाद फक्त एका गोष्टीचा आहे: शेजाऱ्यापेक्षा जास्त मिळणारा हा नफा किती वर्षं टिकेल. मालमत्ता पद्धतीत आपण म्हटलं तीन वर्षं. उत्पन्न पद्धतीत नकळत म्हटलं की तो कधीच संपणार नाही. १२ टक्क्यांनी भागण्याच्या साध्या क्रियेत हे गृहीतक लपलेलं आहे, आणि सूनबाईंनाही ते दिसलं नसेल.

एकदा हे दिसलं की वाजवी मूल्य पद्धत कळायला वेळ लागत नाही. त्यात दोन्ही उत्तरांची सरासरी घेतात. २४३.८० आणि २९५ मिळून ५३८.८०, त्याचं अर्धं २६९ रुपये ४० पैसे. अक्कांचे सहा हजार समभाग १६ लाख १६ हजार ४०० रुपयांचे होतात. ही सरासरी म्हणजे नुसता मधला तोडगा, अशी टीका होते आणि ती अगदी खोटी नाही. पण आता आपल्याला ती तपासता येते. २६९.४० ने पूर्ण कंपनी १०७ लाख ७६ हजारांची होते. त्यातून ८६ लाख काढले की ख्यातीचे २१ लाख ७६ हजार उरतात, आणि तो अधिनफ्याच्या साधारण पावणेसहा पट आकडा आहे. म्हणजे वाजवी मूल्य मान्य करणं म्हणजे जादा नफा पावणेसहा वर्षांचा धरून पैसे देणं. हे आप्पांना पटतं का, असं विचारता येतं. "सरासरी पटते का?" या प्रश्नापेक्षा त्यावर बोलणं सोपं जातं.

ही सरासरी वाऱ्यावरची नाही. कंपन्यांना भांडवल उभारायला सरकारची परवानगी लागत होती त्या काळात भांडवल निर्गम नियंत्रकांनी १९९० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वाजवी मूल्य याच दोन आकड्यांच्या सरासरीने काढायला सांगितलं होतं. उत्पन्नाचं भांडवलीकरण उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना १५ टक्के, व्यापारी कंपन्यांना २० टक्के आणि दोन्हींच्या मधल्यांना साडेसतरा टक्के दराने करायचं होतं. १९९२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि नियंत्रकही गेले, पण पद्धत शिल्लक राहिली.

त्या दरांवरून १२ टक्क्यांकडे पुन्हा बघावंसं वाटतं. आपल्या कंपनीला १५ टक्के लावून पहा. उत्पन्नाने किंमत २९५ वरून २४० वर येते. साधारण नफा ११ लाख ७० हजार होतो, अधिनफा फक्त दीड लाख उरतो, आणि मालमत्ता पद्धतीचं उत्तर २२६ रुपये २५ पैसे येतं. सरासरी सुमारे २३३. दर तीन टक्क्यांनी हलला आणि समभागामागे ३६ रुपये हलले. म्हणून कुणी शेअरचा भाव सांगितला की मी आधी दर विचारतो आणि मग बाकीचं ऐकतो. बँकेच्या ठेवीचा दर घेतला असेल तर किंमत हमखास जास्त निघालेली असते, कारण ठेवीत हळदीच्या भावाची, पुराची किंवा अडकलेल्या येण्यांची जोखीम नसते.

एक व्यवहाराची सूचना मध्येच सांगून ठेवतो. आयकर खातं अशा विक्रीत स्वतःच्या सूत्राने किमान मूल्य मोजतं, आणि त्यात जागेला सरकारी मूल्यांकनाचा दर लागतो. आपसांत ठरलेला भाव त्याच्या खाली गेला तर विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशांवर कर भरायची वेळ येऊ शकते. म्हणून तो आकडा सही करण्याआधी सीएंकडून काढून घ्यावा.

तीन वर्षं की सहा?

राहिला तो मूळ प्रश्न. जादा नफा किती वर्षं टिकेल? याचं उत्तर ताळेबंदात नसतं. तीन वर्षं ही संख्या परीक्षेच्या गणितात दिलेली असते, आयुष्यात ती शोधावी लागते.

आप्पांच्या कारखान्यात मी पहिल्यांदा ग्राहकांची वही मागवीन. जादा नफा आला कुठून हे त्यात दिसतं. समजा निम्म्याहून जास्त माल तीन मसालेवाल्यांना जातो आणि ते शेजाऱ्यापेक्षा किलोला थोडे जास्त पैसे देतात. का देतात? एक शक्यता अशी की या कारखान्याची पावडर दर खेपेला एकाच रंगाची आणि एकाच बारीकपणाची येते, प्रयोगशाळेचा दाखला वेळेत मिळतो आणि त्यांना पोतं उघडून तपासावं लागत नाही. ती शिस्त यंत्रांत, कामगारांत आणि नोंदींत रुजलेली असेल तर ती कंपनीची आहे. आप्पा महिनाभर आजारी पडले तरी माल तसाच जाईल. अशा ठिकाणी पाच-सहा वर्षं धरायला मला अडचण वाटत नाही.

दुसरी शक्यता अशी की ते तिघेही थेट आप्पांच्या मोबाइलवर फोन करतात, भाव आप्पांशीच बोलतात, आणि कांडी निवडतानाची आप्पांची नजर हेच खरं कारण आहे. मग ती ख्याती आप्पांची, कंपनीची नव्हे, आणि तिचे पैसे अक्कांना देण्याचं आप्पांना कारण नाही. तीन वर्षंही जास्त होतील. ओळखायचं कसं? आप्पा लग्नकार्यासाठी किंवा दवाखान्यासाठी पंधरा दिवस बाहेर होते, असे महिने जुन्या नोंदींतून काढायचे आणि त्या महिन्यांतली पोती, परत आलेला माल आणि किलोमागचा भाव बाकीच्या महिन्यांशी ताडून बघायचा. तो फरक आप्पा आणि अक्का दोघांनी एकाच टेबलावर बसून पाहावा, आणि त्यावरून वर्षांची संख्या ठरवावी. ती ठरली की भाव काढायला पाच मिनिटं पुरतात: ८६ लाखांत ३ लाख ८४ हजार गुणिले तेवढी वर्षं मिळवायची आणि ४०,००० ने भागायचं.